पावसात गेलेला सामना आणि पैजांचा हिशेब

क्रिकेटच्या एका सामन्यावर एकच पैज लागत नाही. कोण जिंकणार, पहिल्या डावात किती धावा होणार, कोणत्या संघाकडून सर्वांत जास्त धावा कोण करणार, अमुक फलंदाज पन्नाशी गाठणार का, गटातून पुढे कोण जाणार, अशा कितीतरी प्रश्नांवर स्वतंत्र पैजा लागतात. पाऊस आला की हे सगळे प्रश्न एकदम सुटत नाहीत आणि एकदम रद्दही होत नाहीत. काहींची उत्तरे पाऊस येण्याआधीच मिळालेली असतात, काहींची अर्धवट राहतात, तर काहींना पावसाने काही फरक पडत नाही. त्यामुळे पावसाने बिघडलेल्या सामन्याचा हिशेब सामन्यागणिक होत नाही, पैजेगणिक होतो. एकाच सामन्यावर एकाच माणसाने लावलेल्या चार पैजांपैकी एक जिंकलेली, एक हरलेली आणि दोन रद्द झालेल्या असू शकतात.

ही पद्धत नीट आखली गेली ती ब्रिटनमध्ये. तिथे क्रिकेटवर पैज घेणे हा परवाना असलेला कायदेशीर धंदा आहे आणि उन्हाळाभर क्रिकेट व पाऊस सोबतीनेच चालतात. पैज घेणारी प्रत्येक कंपनी आपले नियम छापून ठेवते आणि पैज लावणारा ते मान्य करूनच पैसे लावतो. तपशील कंपनीगणिक बदलतात, पण मूळ सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो.

रद्द म्हणजे काय

पैजेचा शेवट तीन प्रकारे होतो. ती जिंकते, हरते किंवा रद्द होते. रद्द झाली की लावलेली मूळ रक्कम परत मिळते. नफा नाही आणि तोटाही नाही.

सगळ्यांत सोपी स्थिती म्हणजे एकही चेंडू न पडता सामना सोडून दिला जाणे. 2019 च्या विश्वचषकात 13 जूनला नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिजवर भारत आणि न्यूझीलंड यांचा सामना असाच वाहून गेला. अशा सामन्यावरच्या पैजा रद्द होतात. यातला महत्त्वाचा क्षण पहिल्या चेंडूचा असतो. नाणेफेक झाली, संघ जाहीर झाले आणि मग पाऊस आला, तरी सामना सुरू झाला असे धरले जात नाही. अपवाद फक्त नाणेफेकीवरच लावलेल्या पैजेचा. नाणेफेक झाली की तिचा निकाल लागलेला असतो.

राखीव दिवस असला की चित्र बदलते. त्याच विश्वचषकात 9 जुलैला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर भारत आणि न्यूझीलंड उपांत्य सामन्यात समोरासमोर आले. 46.1 षटकांत 5 बाद 211 अशी न्यूझीलंडची धावसंख्या असताना पावसाने खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी खेळ तिथूनच पुढे सुरू झाला, न्यूझीलंडचा डाव 8 बाद 239 वर संपला आणि भारत 18 धावांनी हरला. सामना तोच होता, फक्त दोन दिवसांत विभागला गेला. म्हणून पहिल्या दिवशीच्या पैजा रात्रभर तशाच उभ्या राहिल्या. रॉस टेलर 67 धावांवर नाबाद असताना खेळ थांबला होता. त्याच्या धावांवर लागलेल्या पैजेचा हिशेब मात्र दुसऱ्या दिवशी तो 74 धावांवर बाद झाल्यावर ठरायचा होता.

अधिकृत निकाल असेल तर

विजेता कोण या पैजेचा नियम साधा आहे. स्पर्धेचे आयोजक जो निकाल जाहीर करतात तोच पैजेचा निकाल. सामना 50 षटकांवरून 30 वर आला, लक्ष्य बदलले किंवा दुसरा डाव अर्ध्यात थांबला, तरी अधिकृत विजेता ठरला असेल तर पैज उभी राहते. कोणता संघ वरचढ दिसत होता याला काही अर्थ नसतो.

विजेता ठरवण्यासाठी मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धत वापरतात. फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोघांनी तयार केलेली ही पद्धत 1997 मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यात प्रथम वापरली गेली. पुढे स्टीव्हन स्टर्न यांनी तिच्यात सुधारणा केल्या आणि त्यांचे नावही तिला जोडले गेले. उरलेली षटके आणि हातातले गडी या दोन्हींचा मेळ घालून ती दुसऱ्या संघाचे लक्ष्य नव्याने मांडते. खेळ थांबला त्या क्षणी किती धावा असायला हव्या होत्या, हेही तिच्यावरून कळते. या आकड्याला पार स्कोअर म्हणतात.

मात्र ही पद्धत लागू होण्यासाठी एक किमान मर्यादा ओलांडावी लागते. एकदिवसीय सामन्यात दुसऱ्या संघाने साधारणपणे किमान 20 षटके आणि टी-20 मध्ये किमान 5 षटके खेळलेली असावी लागतात. तो संघ त्याआधीच सर्वबाद झाला किंवा त्याने लक्ष्य गाठले, तर अर्थातच प्रश्न उरत नाही. मर्यादा ओलांडली नाही तर सामन्याची नोंद 'निकाल नाही' अशी होते आणि विजेत्यावरच्या पैजा रद्द होतात.

ऑस्ट्रेलियाचे तीन सामने

या नियमांचे जवळपास सगळे कंगोरे एकाच संघाच्या तीन सामन्यांत पाहायला मिळतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2017 साली झालेल्या चॅम्पियन्स ट्रॉफीत ऑस्ट्रेलियाच्या गटात न्यूझीलंड, बांगलादेश आणि इंग्लंड होते. ऑस्ट्रेलियाच्या तिन्ही सामन्यांत पाऊस आला आणि तिन्ही वेळा पैजांचा हिशेब वेगळा झाला. पुढे दिलेला हिशेब कंपन्यांच्या प्रचलित नियमांनुसार मांडला आहे.

पहिला सामना 2 जूनला बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनवर न्यूझीलंडशी होता. पावसामुळे तो 46 षटकांचा झाला. न्यूझीलंडचा संघ 45 षटकांत 291 धावांवर सर्वबाद झाला. केन विल्यमसनने 100 धावा केल्या आणि जोश हेझलवूडने 52 धावांत 6 बळी घेतले. पुन्हा पाऊस आला आणि ऑस्ट्रेलियासमोर 33 षटकांत 235 असे नवे लक्ष्य ठेवले गेले. 9 षटकांत 3 बाद 53 झाल्यावर खेळ कायमचा थांबला. 20 षटकांची मर्यादा बरीच दूर होती, म्हणून 'निकाल नाही'. ऑस्ट्रेलियावर पैसे लावणाऱ्यांना आणि न्यूझीलंडवर लावणाऱ्यांना आपापली रक्कम परत मिळण्याची ही स्थिती. न्यूझीलंडचा डाव मात्र पूर्ण झाला होता. त्यामुळे न्यूझीलंडचा सर्वाधिक धावा करणारा कोण, या पैजेत विल्यमसन विजेता ठरतो.

दुसरा सामना 5 जूनला लंडनच्या ओव्हल मैदानावर बांगलादेशशी झाला. बांगलादेश 44.3 षटकांत 182 धावांवर सर्वबाद झाला. त्यांतल्या 95 धावा एकट्या तमिम इक्बालच्या होत्या, तर मिचेल स्टार्कने 29 धावांत 4 बळी घेतले. उत्तरादाखल ऑस्ट्रेलियाने 16 षटकांत 1 बाद 83 अशी मजल मारली आणि पाऊस आला. आणखी चार षटके झाली असती तर पार स्कोअरच्या बराच पुढे असलेला ऑस्ट्रेलिया विजेता ठरला असता. तेवढी चार षटके पडली नाहीत.

या एका सामन्यावर लागू शकणाऱ्या पैजा एकेक करून तपासल्या की पद्धत स्पष्ट होते. सामना कोण जिंकणार ही पैज रद्द होते, कारण ऑस्ट्रेलिया कितीही पुढे असला तरी अधिकृत विजेता नाही. बांगलादेशच्या एकूण धावा 250 पेक्षा जास्त की कमी, अशी पैज असेल तर ती उभी राहते आणि 'कमी' म्हणणारा जिंकतो, कारण संघ सर्वबाद झाला आणि पावसाचा त्या डावाशी संबंध आला नाही. बांगलादेशचा सर्वाधिक धावा करणारा म्हणून तमिमवर लावलेली पैज त्याच कारणाने जिंकते.

ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजांकडे आले की हिशेब नाजूक होतो. ॲरन फिंच 19 धावांवर बाद झाला होता. त्याच्या धावा 25 पेक्षा जास्त होतील अशी पैज हरलेली आहे, कारण तो बाद झाला तेव्हाच उत्तर मिळाले. डेव्हिड वॉर्नर 40 धावांवर नाबाद होता. त्याच्या धावा 35 पेक्षा जास्त होतील ही पैज जिंकलेली आहे, कारण तो आकडा ओलांडला गेला आणि पुढे काहीही झाले असते तरी उत्तर बदलले नसते. पण वॉर्नर पन्नाशी गाठेल का, ही पैज रद्द होते. तो गाठू शकला असता आणि पुढच्याच चेंडूवर बादही होऊ शकला असता. ऑस्ट्रेलियाचा सर्वाधिक धावा करणारा कोण, हा प्रश्नही तसाच अर्धवट राहतो. वॉर्नर तेव्हा पुढे होता खरा, पण 50 पैकी 16 च षटके झाली होती. अशा पैजांसाठी कंपन्या डावाच्या ठरावीक भागाची अट घालतात आणि ती पूर्ण न झाल्यास पैज रद्द करतात.

या सगळ्यामागचे सूत्र एकच आहे. पाऊस येण्याआधी ज्या प्रश्नाचे उत्तर पक्के झाले, ती पैज तशीच राहते. उत्तर अजून बदलू शकत होते, तिथे किमान खेळाची अट पाहिली जाते.

अर्धवट डाव आणि टक्केवारीची अट

तिसरा सामना 10 जूनला पुन्हा एजबॅस्टनवर, इंग्लंडशी झाला. ऑस्ट्रेलियाने 50 षटकांत 9 बाद 277 धावा केल्या. इंग्लंडच्या 40.2 षटकांत 4 बाद 240 धावा झाल्या असताना पाऊस आला आणि खेळ पुन्हा सुरू झाला नाही. बेन स्टोक्स 102 धावांवर नाबाद होता. इंग्लंड पार स्कोअरच्या 40 धावा पुढे होता, म्हणून 40 धावांनी विजयी ठरला. इंग्लंडने 278 चे लक्ष्य गाठलेच नव्हते, तरी विजेत्यावरची पैज उभी राहते आणि इंग्लंडवर पैसे लावणारा जिंकतो.

समजा, कुणी इंग्लंडचा डाव 260 पेक्षा कमी धावांत आटोपेल अशी पैज सामन्याआधी लावली होती. धावा झाल्या 240, पण साडेनऊ षटकांहून अधिक खेळ बाकी होता. इथे टक्केवारीचा नियम लागू होतो. पैज लागली तेव्हा डावाची जितकी षटके ठरलेली होती, त्यांपैकी ठरावीक टक्के षटके झाली असतील तरच पैज धरायची, असे कंपनीचे नियम सांगतात. 80 टक्क्यांची अट असेल तर 50 षटकांच्या डावात 40 षटके लागतात. इंग्लंडची 40.2 झाली होती, म्हणजे केवळ दोन चेंडूंनी मर्यादा पार झाली. अशा नियमानुसार 240 हाच आकडा धरला जातो आणि 'कमी' म्हणणारा जिंकतो. 90 टक्क्यांची अट असलेल्या कंपनीकडे हीच पैज रद्द होते. याउलट कुणी 'इंग्लंड 230 पेक्षा जास्त' अशी पैज लावली असेल, तर ती कोणत्याही टक्केवारीशिवाय जिंकते, कारण आकडा आधीच ओलांडला गेला होता.

पैज केव्हा लावली यालाही महत्त्व आहे. षटके 50 वरून 30 वर आणल्यानंतर खेळ चालू असताना जो पैज लावतो, त्याला कमी झालेल्या षटकांची कल्पना असते आणि त्याला मिळणारा भावही तसाच असतो. त्याच्यासाठी 30 षटके हाच पूर्ण डाव. सामन्याआधी त्याच आकड्यावर पैज लावणाऱ्याची मात्र रद्द होते, कारण त्याने विचार 50 षटकांचा केला होता.

पाऊस पडला, पण पैसे परत नाहीत

सामन्याची पैज रद्द झाली म्हणून पावसाचा परिणाम संपत नाही. निकाल न लागलेल्या सामन्याचे गुण दोन्ही संघांत वाटले जातात आणि स्पर्धेवरच्या पैजा त्या गुणांवरच ठरतात. 2017 च्या त्या गटात इंग्लंडचे 6, बांगलादेशचे 3, ऑस्ट्रेलियाचे 2 आणि न्यूझीलंडचा 1 गुण झाला. इंग्लंड आणि बांगलादेश उपांत्य फेरीत गेले.

ओव्हलवर चार षटके आणखी पडली असती, तर ऑस्ट्रेलियाला त्या सामन्याचे पूर्ण 2 गुण मिळून त्यांचे 3 झाले असते, बांगलादेशचे 2 राहिले असते आणि ऑस्ट्रेलिया पुढे गेला असता. म्हणजे 5 जूनला ऑस्ट्रेलिया जिंकेल म्हणणाऱ्याला पैसे परत मिळतात, पण ऑस्ट्रेलिया गटातून पुढे जाईल म्हणणारा त्याच पावसामुळे पैसे गमावतो. त्याची पैज रद्द होण्याचे कारण नाही, कारण गटाचा अधिकृत निकाल लागलेला असतो.

स्पर्धेला दोन विजेते मिळाले तर डेड हीटचा नियम लागतो. 2002 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीचा कोलंबोतला अंतिम सामना याचे ठळक उदाहरण. 29 सप्टेंबरला श्रीलंकेचा 50 षटकांचा डाव झाला आणि भारताच्या दोन षटकांनंतर पाऊस आला. राखीव दिवशी सामना पुढे न नेता नव्याने सुरू झाला, श्रीलंका पुन्हा 50 षटके खेळली, भारताची 8.4 षटके झाली आणि पुन्हा पाऊस आला. दोन्ही संघांना संयुक्त विजेते घोषित केले गेले. डेड हीटच्या नियमानुसार लावलेली रक्कम विजेत्यांच्या संख्येने भागतात. समजा, भारत विजेता ठरेल यावर 4 च्या भावाने 100 पौंड लावले होते. त्यांपैकी 50 पौंड जिंकलेले धरले जातात आणि त्यांचे 200 पौंड मिळतात, उरलेले 50 पौंड बुडतात. एकट्या भारताने चषक जिंकला असता तर 400 मिळाले असते.

कसोटीचा वेगळा न्याय

कसोटीत अनिर्णित हा स्वतंत्र निकाल असतो आणि त्याला स्वतंत्र भाव असतो. म्हणून पावसाने तीन दिवस वाया गेले आणि कसोटी अनिर्णित राहिली, तर एखाद्या संघाच्या विजयावर लावलेल्या पैजा रद्द होत नाहीत, हरतात. हवामान पाहून अनिर्णितवर पैसे लावणारा जिंकतो. पाच दिवसांचा अंदाज ढगाळ दिसू लागला की अनिर्णितचा भाव झपाट्याने उतरतो तो यामुळेच.

खेळ पावसाशिवाय दुसऱ्या कारणाने थांबला तर अडचण होते. जानेवारी 1998 मध्ये किंग्स्टनच्या सबिना पार्कवर वेस्ट इंडिज आणि इंग्लंड यांची कसोटी खेळपट्टी धोकादायक ठरल्याने अवघ्या 10.1 षटकांनंतर सोडून दिली गेली. 2009 मध्ये अँटिग्वात याच दोन संघांची कसोटी मैदानावरच्या वाळूमुळे दहा चेंडूंनंतर थांबली. दोन्ही सामन्यांची नोंद अनिर्णित अशी आहे. फक्त अधिकृत नोंद धरली तर अनिर्णितवर पैसे लावणारा काही मिनिटांच्या खेळावर जिंकतो. हे टाळण्यासाठी अनेक कंपन्या नियमांत वेगळे कलम घालतात. हवामानामुळे अनिर्णित राहिली तर पैज उभी, पण खेळपट्टी किंवा मैदान खेळण्यालायक नसल्यामुळे कसोटी सोडून दिली तर पैज रद्द.

साखळी आणि एक्स्चेंज

अनेक सामने एकत्र जोडून लावलेल्या पैजेला ॲक्युम्युलेटर म्हणतात. तिच्यातला एक सामना पावसात गेला तर सगळी पैज मोडत नाही. त्या सामन्याचा भाव 1 धरून गुणाकार केला जातो. 100 पौंड तीन सामन्यांवर 1.5, 2 आणि 1.8 या भावांनी लावले असतील, तर तिन्ही जिंकल्यावर 540 पौंड मिळतात. मधला सामना रद्द झाला आणि बाकीचे दोन जिंकले, तर 1.5 आणि 1.8 यांचा गुणाकार 2.7 होतो आणि 270 पौंड मिळतात.

बेटफेअरसारख्या एक्स्चेंजवर लोक कंपनीशी नव्हे, एकमेकांशी पैज लावतात. तिथे काही जण सामना चालू असताना आधी चढ्या भावाने एका संघाच्या बाजूने आणि भाव उतरल्यावर त्याच्या विरुद्ध पैज लावतात. मग कुणीही जिंकले तरी थोडा नफा पक्का होतो. पण सामना 'निकाल नाही' ठरला की त्या बाजारातल्या दोन्ही बाजूंच्या पैजा रद्द होतात आणि पक्का वाटणारा नफाही नाहीसा होतो. पावसाच्या दिवशी असा नफा विजेता ठरेपर्यंत खरा नसतो.

वाद कुठे जातो

ब्रिटनमध्ये 1845 च्या गेमिंग कायद्याखाली पैजेचे पैसे न्यायालयातून वसूल करता येत नसत. 2005 च्या गॅम्बलिंग ॲक्टने ही स्थिती बदलली आणि सप्टेंबर 2007 पासून पैज हा न्यायालयात मागता येणारा करार झाला. न्यायालयात जाण्याआधी ग्राहक इंडिपेंडंट बेटिंग ॲड्ज्युडिकेशन सर्व्हिससारख्या त्रयस्थ लवादाकडे तक्रार नेऊ शकतो. पावसाच्या वादात तिथे प्रश्न एवढाच असतो की पैज लागली त्या वेळी कंपनीचे छापील नियम काय सांगत होते. टक्केवारीची अट 80 ची की 90 ची, कसोटीबद्दल वेगळे कलम होते की नाही, यावरच निवाडा ठरतो.

भारतात यातले काहीच लागू होत नाही. महाराष्ट्रात 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याखाली क्रिकेटवर सट्टा घेणे गुन्हा आहे, आणि 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. बुकीकडे लावलेल्या पैजेला छापील नियम नसतात आणि पावसाने सामना गेल्यावर रक्कम परत मिळाली नाही, तर ती मागण्यासाठी कायद्याचे दार उघडे नसते.